माडीवरचा कॉम्प्युटर धुळ्याहून उठवताना: वेक-ऑन-लॅनचं एक प्रकरण

अमळनेरला राहणाऱ्या एका कर सल्लागार ताईंचं हे प्रकरण. घर जुनं, दोन मजली. वरच्या माडीवर त्यांचा डेस्कटॉप, आणि टॅलीचा सगळा डेटा त्याच कॉम्प्युटरवर. ताई दिवसभर धुळ्याच्या ऑफिसात असतात. तिथून रिमोट डेस्कटॉपने घरच्या कॉम्प्युटरवर काम करायचं, एवढंच त्यांना हवं होतं. रिमोट डेस्कटॉप नीट बसवलेला होता. अडचण एकच, की ज्या कॉम्प्युटरवर जायचं तो बंद असायचा.

तो कायम चालू ठेवणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं, आणि कारण फक्त वीजबिलाचं नव्हतं. माडीला पत्र्याचं छत आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी त्या खोलीत माणूस उभा राहू शकत नाही, तिथे बंद दाराआड कॉम्प्युटर दिवसभर चालवायचा म्हणजे पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क स्वतःहून भट्टीत टाकण्यासारखं. म्हणून ताई धुळ्याहून फोन करायच्या आणि सासरे, म्हणजे आप्पा, जिना चढून बटण दाबायचे. आप्पांचे गुडघे दुखतात. एकदा ते मला स्पष्टच म्हणाले, "भाऊ, बटन दाबाले रोज जिना कोन चढी?"

यावरचा उपाय जुना आहे: बंद कॉम्प्युटरला नेटवर्कवरून मॅजिक पॅकेट नावाचा खुणेचा संदेश पाठवून चालू करायचं, यालाच वेक-ऑन-लॅन म्हणतात. १९९५ साली एएमडीने मॅजिक पॅकेटची कल्पना मांडली आणि आज जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवरच्या नेटवर्क कार्डात ती असते. ताईंकडे आधी कुणी तरी येऊन "वेक-ऑन-लॅन चालू करून" गेलं होतं. बायोसमधला पर्याय चालू, राउटरमध्ये पोर्ट ९ पुढे पाठवलेला, मोबाइलवर अ‍ॅप. तरी कॉम्प्युटर ढिम्म. मी पाहिलं तेव्हा लक्षात आलं की बिघाड एक नाही, एकामागे एक दडलेले बरेच आहेत. पुढचा बिघाड काढला की मागचा दिसायचा आणि तक्रारीचं रूप बदलायचं. या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते हेच. "होत नाही" एवढं सांगून काही कळत नाही. कोणत्या स्थितीत होतं आणि कोणत्या स्थितीत होत नाही, हे विचारलं की बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा घरी न जाताही सांगता येतं.

आधी कार्ड जागं आहे का ते बघा

कॉम्प्युटर बंद केला तरी पॉवर सप्लाय पूर्ण बंद होत नाही. भिंतीवरचं बटण चालू असेल तर तो मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार देत राहतो. त्या धारेवर नेटवर्क कार्ड अर्धवट जागं राहतं आणि केबलवरून येणारं प्रत्येक पॅकेट चाळत बसतं. ते शोधत असतं एकच नमुना: सुरुवातीला FF हा बाइट सहा वेळा, आणि लगेच त्याच कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा वेगळा पत्ता, सलग सोळा वेळा. मॅक अ‍ॅड्रेस सहा बाइटचा, म्हणजे एकूण १०२ बाइट. हा नमुना दिसला की कार्ड मदरबोर्डला खूण करतं आणि कॉम्प्युटर चालू होतो.

या साध्या व्यवस्थेतून दोन गोष्टी निघतात आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्यांच्याशीच येऊन भिडतात. एक, कार्डाला आयपी पत्ता माहीत नसतो, पोर्ट ९ आहे की ७ याचंही त्याला काही देणंघेणं नसतं. नमुना त्याच्या केबलपर्यंत पोचला पाहिजे, बस. दुसरी, कार्ड उलट उत्तर देत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवर "पॅकेट पाठवलं" असं हिरव्या अक्षरात येतं, ते फक्त पाठवल्याचं. पोचल्याची पावती या पद्धतीत नाहीच.

ताईंच्या घरी पहिली अडचण अगदी उघडी होती. राउटर खाली बैठकीत आणि माडीवरचा कॉम्प्युटर यूएसबी वाय-फाय डोंगलवर चालत होता. विंडोज बंद झालं की डोंगल वाय-फायमधून बाहेर पडतो, मग पॅकेट पोचणार कुठे? वाय-फायवरून उठवण्याची सोय काही लॅपटॉपमध्ये असते, पण बंद डेस्कटॉपच्या यूएसबी डोंगलकडून ती अपेक्षा ठेवू नये. जिन्याच्या कडेने केबल वर नेली आणि मदरबोर्डच्या स्वतःच्या लॅन पोर्टला लावली. आणि एक लक्षात ठेवायचं: आता मॅक अ‍ॅड्रेस बदलतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये डोंगलचा पत्ता भरलेला होता, तो काढून लॅन कार्डाचा भरला. विंडोजमध्ये `ipconfig /all` दिल्यावर Ethernet खाली Physical Address म्हणून जो दिसतो, तो.

केबल लावल्यावर कॉम्प्युटर स्लीपमध्ये टाकला, खालून मोबाइलने पॅकेट पाठवलं आणि तो उठला. मग नेहमीसारखा शटडाउन केला. पुन्हा पाठवलं. काहीच नाही.

इथे मी सेटिंगच्या मागे न लागता खाली वाकून कॅबिनेटच्या मागे पाहिलं. शटडाउन झाल्यावर लॅन पोर्टवरचे दोन्ही दिवे विझलेले होते. इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही. कॉम्प्युटर बंद असताना पोर्टचा दिवा लागलेला असेल तर कार्डाला वीज आहे आणि राउटरशी जोडणीही आहे. दिवा विझला असेल तर विंडोजमध्ये काहीही टिकमार्क करा, उपयोग नाही, कारण ऐकायला कुणी जागंच नाही. दिवा लागलेला आहे पण रंग बदलला, एवढ्याने काळजी करू नये. बंद झाल्यावर कार्ड वीज वाचवायला वेग कमी करतं, गिगाबिटवरून १० किंवा १०० मेगाबिटवर येतं, त्याने रंग बदलतो.

दिवा विझण्याचं कारण बायोसमध्ये सापडलं: `ErP Ready` हा पर्याय चालू होता. युरोपीय नियमाप्रमाणे बंद उपकरणाने २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये, आणि ती मर्यादा पाळायला हा पर्याय बंद स्थितीत कार्डाची वीजच तोडतो. म्हणजे वरच्या पानावर `Power On By PCI-E` चालू आणि खालच्या पानावर `ErP` पण चालू, असे एकमेकांना काटणारे दोन पर्याय सुखाने एकत्र नांदत होते. बायोस त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. काही बोर्डांवर हाच पर्याय `Deep Sleep` किंवा `EuP` नावाने असतो. तो बंद केला. आता शटडाउन केल्यावर दिवा लागून राहिला.

तरी कॉम्प्युटर उठला नाही.

शटडाउन म्हणतो तो शटडाउन नसतो

दिवा लागलेला, स्लीपमधून उठतो, शटडाउनमधून उठत नाही. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की विंडोजच्या `Fast Startup` कडे बोट जातं. विंडोज ८ पासून शटडाउन दिला की विंडोज पूर्ण बंद होत नाही. वापरकर्त्याची सत्रं बंद होतात, पण आतला गाभा हार्ड डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. या मिश्र शटडाउनमध्ये विंडोज नेटवर्क कार्डाला "मॅजिक पॅकेट ऐकत राहा" असं सांगून जात नाही. मायक्रोसॉफ्टचं धोरणच तसं आहे: स्लीपमधून आणि हायबरनेटमधून उठवता येतं, या शटडाउनमधून उठवण्याची हमी नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याने मुद्दाम शटडाउन केलं, त्याला कॉम्प्युटर आपोआप चालू झालेला नको असतो.

`Control Panel` मधल्या `Power Options` मध्ये जाऊन `Choose what the power buttons do` उघडलं आणि `Turn on fast startup` ची खूण काढली. सोबत `Device Manager` मध्ये लॅन कार्डाच्या `Advanced` पानावर `Wake on Magic Packet` आणि `Shutdown Wake-On-Lan` हे दोन्ही `Enabled` केले. ताईंचं कार्ड रिअलटेकचं आहे. दुसऱ्या कंपनीच्या कार्डात नावं थोडी वेगळी येतात.

इथे एक सल्ला नेटवर सर्रास मिळतो की `powercfg /h off` हा आदेश द्या, फास्ट स्टार्टअप मुळापासून जाईल. जातो, पण त्याच्यासोबत हायबरनेशन फाइलही जाते, आणि ती फाइल आपल्या भागात फार कामाची आहे. का ते पुढे येईलच. म्हणून फक्त खूण काढायची, फाइल राहू द्यायची.

`Power Management` पानावरची एक खूण मात्र विसरू नये: `Only allow a magic packet to wake the computer`. ती नसेल तर घरातल्या दुसऱ्या एखाद्या यंत्राने सहज चौकशी केली तरी कॉम्प्युटर उठतो. ताईंच्या जाऊबाई म्हणत होत्या की रात्री माडीवर आपोआप पंख्याचा आवाज येतो. त्यांना भास झाला नव्हता. `powercfg /lastwake` दिल्यावर उठवणारं लॅन कार्डच निघालं.

एवढं झाल्यावर घरातल्या घरात सगळं लागू पडलं. स्लीप असो की शटडाउन, खाली बैठकीत बसून मोबाइलवरून कॉम्प्युटर चालू व्हायचा. आप्पांनी स्वतः एकदा अ‍ॅप दाबून पाहिलं आणि वरचा आवाज ऐकून समाधानाने मान हलवली.

धुळ्याहून: पहिली भिंत

पण ताई बैठकीत नसतात, धुळ्यात असतात.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग आधीच केलेलं होतं: बाहेरून यूडीपी पोर्ट ९ वर काही आलं तर ते `192.168.1.20` कडे, म्हणजे माडीवरच्या कॉम्प्युटरकडे पाठव. धुळ्याहून पॅकेट पाठवलं तर कधीच काही घडलं नाही, कॉम्प्युटर चालू असताना चाचणी घेतली तरी पॅकेट आत पोचत नव्हतं.

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता, म्हणजे WAN IP, `100.` ने सुरू होणारा होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये. तेवढ्यावरच उत्तर मिळतं. `100.64.0.0` पासून `100.127.255.255` पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेत. पत्ते अपुरे पडतात म्हणून पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. ही सोय, सीजीनॅट, वापरताना जाणवत नाही, कारण आतून बाहेर जाणारी वाहतूक सुरळीत चालते. बाहेरून आत यायचं असेल तर मात्र पॅकेट पुरवठादाराच्या यंत्रापाशीच थांबतं. त्यातलं कुठलं घर अमळनेरच्या ताईंचं, हे ठरवायला त्या यंत्राकडे काहीच नसतं. आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी ती घराच्या दाराची कडी, आणि इथे गल्लीच्या तोंडालाच फाटक लावलेलं.

तपासायची सोपी पद्धत: राउटरच्या पानावरचा WAN IP आणि "माझा आयपी काय" असं दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहायचा. दोन्ही वेगळे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नये.

ताईंनी पुरवठादाराला विचारून, महिन्याला जादा पैसे भरून, सार्वजनिक स्थिर आयपी घेतला. आणि गंमत म्हणजे आता चाललं. ताई घरून निघताना कॉम्प्युटर शटडाउन करून बसस्टँडवर आल्या, मोबाइल डेटावरून पॅकेट पाठवलं, आणि आप्पांनी फोनवर सांगितलं की वर कॉम्प्युटर चालू झाला. मग त्यांनी आप्पांकडून तो बंद करवून घेतला. धुळ्याला पोचून दुपारी पुन्हा पाठवलं. काही नाही.

दुसरी भिंत, जी दिसत नाही

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो, कारण "लगेच चालतं, नंतर चालत नाही" या लक्षणाने लोक हैराण होतात. कुणी विंडोजला दोष देतो, कुणी केबल बदलतो, कुणी नवं राउटर आणतो. बिघाड कुठेच नसतो. राउटर आपलं काम नियमाने करत असतो आणि त्या नियमामुळेच पॅकेट पोचत नाही.

बाहेरून आलेलं पॅकेट राउटरपाशी येतं तेव्हा त्यावर पत्ता असतो `192.168.1.20`. पण घरातल्या केबलवर पॅकेट आयपी पत्त्याने जात नाही, मॅक अ‍ॅड्रेसने जातं. म्हणून राउटर आधी सगळ्यांना ओरडून विचारतो: `192.168.1.20` कोण आहे? चालू कॉम्प्युटर उत्तर देतो, "मी, माझा मॅक अ‍ॅड्रेस हा". राउटर ते उत्तर एआरपी तक्त्यात लिहून ठेवतो आणि काही मिनिटं वापरतो. कॉम्प्युटर बंद झाल्यावरही ती नोंद थोडा वेळ तशीच राहते. तेवढ्यात पॅकेट आलं तर राउटर जुन्या नोंदीवरून ते योग्य कार्डाकडे देतो आणि कॉम्प्युटर उठतो. बसस्टँडवरून चाललं ते यामुळे. पुढे नोंद शिळी होऊन पुसली जाते. मग पॅकेट आलं की राउटर पुन्हा विचारतो, बंद कॉम्प्युटर उत्तर देत नाही, आणि पाठवायचं कुणाला हेच माहीत नसल्यामुळे राउटर पॅकेट टाकून देतो. कार्ड जागं असतं, ऐकत असतं, पण नमुना त्याच्या केबलवर येतच नाही.

हे नुसतं सांगून ताईंना पटेना, म्हणून लॅपटॉप त्याच राउटरला केबलने लावून वायरशार्कमध्ये, म्हणजे केबलवरून येणारी पॅकेट पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दाखवलं. डेस्कटॉप बंद करून बराच वेळ झाला होता. ताईंनी मोबाइल डेटावरून पॅकेट पाठवलं आणि पडद्यावर राउटरची ओळ आली:

```
Who has 192.168.1.20? Tell 192.168.1.1
```

एक सेकंदाने तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. आणि मग शांत. मॅजिक पॅकेट आलंच नाही. त्यानंतर मी खालून वाय-फायवरच्या मोबाइलने पाठवलं, तर लगेच पडद्यावर मॅजिक पॅकेट दिसलं आणि वर कॉम्प्युटर सुरू झाला. मोबाइलचं अ‍ॅप ते `192.168.1.255` या सर्वांसाठीच्या पत्त्यावर पाठवत होतं, तिथे कुणाचा मॅक अ‍ॅड्रेस विचारायची गरजच पडत नाही. ही चाचणी करताना एक पथ्य आहे: लॅपटॉपला चुकूनही `.20` हा पत्ता देऊ नये. दिला तर लॅपटॉपच राउटरला उत्तर देईल आणि सगळं ठीक असल्याचा भास होईल.

काही कार्डांत `ARP Offload` नावाची सोय असते. तिच्यामुळे स्लीपमध्ये असतानाही कार्ड स्वतः राउटरच्या या प्रश्नाला उत्तर देतं. म्हणून काही घरांत स्लीपमधला कॉम्प्युटर बाहेरून कितीही वेळाने उठतो आणि शटडाउन केलेला उठत नाही. तिथे संशय पुन्हा फास्ट स्टार्टअपवर जातो. आतून उठतो का हे आधी तपासलं की हा गोंधळ टळतो.

यावर शास्त्रशुद्ध उपाय दोन. राउटरमध्ये एआरपीची कायमची नोंद करायची, किंवा पोर्ट फॉरवर्डिंग थेट `192.168.1.255` कडे वळवायचं. ताईंच्या राउटरमध्ये पहिल्याची सोय नव्हती, आणि दुसरा पत्ता टाकल्यावर राउटरने "अवैध पत्ता" म्हणून परत पाठवला. पुरवठादाराने दिलेल्या बहुतेक पेट्या असंच करतात. बाहेरच्या माणसाला घरातल्या सगळ्या यंत्रांना एकदम पॅकेट पाठवू देणं गैरवापराला आमंत्रण असतं. म्हणूनच १९९९ पासून राउटरमध्ये अशी वाहतूक मुळात बंद ठेवायची असा दंडक आहे. राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसला ठरावीक आयपी बांधून देण्याचा पर्याय होता आणि आधीच्या माणसाने तो लावलाही होता, पण तो डीएचसीपीचा. कॉम्प्युटरने पत्ता मागितला तर `.20` द्यायचा, इतकंच तो ठरवतो. कॉम्प्युटर बंद असताना राउटरच्या एआरपी तक्त्यात त्याने काही भरलं जात नाही.

आत एक जागा राहणारा हवा

मग मार्ग उरतो तो सरळ आहे. पॅकेट बाहेरून आणायचंच नाही, घरातूनच पाठवायचं. त्यासाठी घरात कायम चालू असणारं एक छोटं यंत्र हवं, ज्याला धुळ्याहून नुसतं सांगायचं, "उठव त्याला". राउटर ओपनडब्ल्यूआरटी या मोफत सॉफ्टवेअरवर चालत असेल तर तोच हे काम करतो. ताईंकडे तसा राउटर नव्हता, म्हणून राउटरशेजारी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा कॉम्प्युटर ठेवला. तो पाच वॅटच्या आसपास वीज घेतो, आणि बैठकीत असल्यामुळे पत्र्याच्या उष्णतेपासूनही लांब. जुना अँड्रॉइड फोनही चालतो, पण बॅटरी वाचवायच्या नादात फोन मागचं अ‍ॅप कधी बंद करेल याचा भरवसा नसतो, आणि कायम चार्जरवर ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगते. मी ती वाट टाळतो.

धुळ्याहून या पायपर्यंत पोचायला टेलस्केल वापरलं, म्हणजे आपलीच यंत्रं इंटरनेटवरून एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारी सेवा. यात दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. सार्वजनिक आयपीसाठीचे महिन्याचे पैसे ताईंनी बंद केले, आणि राउटरमधला पोर्ट ९ काढून टाकला. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट 3389 ही उघडा होता, तो तर त्याच दिवशी बंद केला. तो इंटरनेटवर उघडा ठेवू नये, त्यावर पासवर्ड शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस आदळत असतात. टेलस्केल स्वतः मात्र सर्वांसाठीची पॅकेट वाहून नेत नाही. म्हणून धुळ्याच्या लॅपटॉपवरून थेट मॅजिक पॅकेट टेलस्केलमधून सोडण्याचा प्रयत्न फुकट जातो. आदेश पायवरच चालला पाहिजे. पायवर ही छोटी फाइल ठेवली:

```
#!/bin/sh
wakeonlan -i 192.168.1.255 00:00:5E:00:53:10
sleep 90
nc -zv -w 5 192.168.1.20 3389
```

मॅक अ‍ॅड्रेस इथे नमुन्याचा आहे. `-i` ने घरच्या नेटवर्कचा पत्ता मुद्दाम दिलाय, कारण पायवर आता दोन जोडण्या आहेत आणि पॅकेट केबलच्याच बाजूने गेलं पाहिजे. शेवटची ओळ जास्त महत्त्वाची. कार्ड पावती देत नाही, म्हणून दीड मिनिटाने रिमोट डेस्कटॉपचं दार उघडलं का हे पाय स्वतः तपासून सांगतो. `ping` वर विसंबलो नाही, कारण विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा त्याला उत्तर देत नाही आणि चालू कॉम्प्युटरही बंद वाटतो. डेस्कटॉपवरच्या टेलस्केलमध्ये `Run unattended` चालू केलं, नाही तर कुणी लॉगइन करेपर्यंत तो नेटवर्कवर येत नाही.

लाइट गेल्यावर

एवढं जमल्यावर काही दिवस सुरळीत गेले आणि मग ताईंचा फोन आला: "भाऊ, आज पुन्हा उठत नाही." मी आधी विचारलं, लाइट गेली होती का? गेली होती. दुपारी गेली, तासाभराने आली.

राउटर आणि पाय घराच्या इन्व्हर्टरवर आहेत. माडीवरचा कॉम्प्युटर थेट लाइनवर. लाइट गेली की ५ व्होल्टची ती बारीक धारही जाते. शटडाउन होताना विंडोजच्या ड्रायव्हरने कार्डाला "ऐकत राहा" म्हणून जे सांगितलं होतं, ते त्या धारेवरच टिकून होतं. लाइट परत येते, पोर्टवरचा दिवाही कधी कधी लागतो, पण सूचना पुसलेली असते. काही बोर्डांचं बायोस ती पुन्हा लिहितं, बरीच लिहीत नाहीत. आपला बोर्ड कोणत्या जातीचा, हे घरीच कळतं: शटडाउन करायचं, प्लग काढून अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायचा आणि बटणाला हात न लावता पॅकेट पाठवायचं. ताईंचा कॉम्प्युटर उठला नाही. एकदा बटण दाबून विंडोज सुरू होऊन बंद झाल्यावर मात्र पुन्हा उठू लागला. लाइट जाणं नेहमीचं असलेल्या आपल्यासारख्या भागात ही चाचणी केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी समजत नाही.

उपाय बायोसमध्येच असतो, `Restore on AC Power Loss` किंवा `AC Back` नावाने. तो `Power On` वर ठेवला. आता लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप चालू होतो आणि विंडोजमध्ये अर्धा तास कुणी हात लावला नाही की स्लीपमध्ये जातो. त्या स्लीपमधून पाय त्याला उठवतो. हायबरनेशन फाइल राखून ठेवली ती यासाठी: डेस्कटॉपवर विंडोज बहुधा मिश्र स्लीप वापरतं, म्हणजे मेमरीतलं सगळं त्या फाइलमध्येही लिहून ठेवतं. स्लीपमध्ये असताना लाइट गेली तरी उघडी टॅली हरवत नाही, परत आल्यावर तिथूनच सुरू होतं. लाइट ये-जा करते तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू-बंद होऊ नये म्हणून मध्ये एक साधा यूपीएस बसवला.

स्लीप वापरायला लागल्यावर एक शेवटची कुरबुर निघाली. पायने उठवलं, दार उघडं असल्याचं सांगितलं, आणि ताई चहा घेऊन येईपर्यंत कॉम्प्युटर पुन्हा झोपलेला. माणसाने नाही, नेटवर्कने उठवलं की विंडोज एक वेगळं घड्याळ लावतं आणि ते मुळात दोनच मिनिटांचं असतं. हे सेटिंग लपवलेलं आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून हा आदेश दिला की ते `Power Options` च्या प्रगत यादीत `Sleep` खाली दिसू लागतं:

```
powercfg /attributes SUB_SLEEP 7bc4a2f9-d8fc-4469-b07b-33eb785aaca0 -ATTRIB_HIDE
```

तिथे `System unattended sleep timeout` दोनवरून वीस मिनिटं केलं.

अजून एक गोष्ट अधूनमधून करावी लागते. विंडोजचं मोठं अपडेट किंवा लॅन कार्डाचा नवा ड्रायव्हर आला की `Device Manager` मधल्या खुणा आणि फास्ट स्टार्टअप कधी कधी पहिल्यासारखे होतात. म्हणून अपडेटनंतर ताई धुळ्याला निघण्याआधी एकदा `powercfg /devicequery wake_armed` देऊन यादीत लॅन कार्डाचं नाव आहे का पाहतात. कॉम्प्युटर चालू असतानाच अडकून बसला तर मात्र मॅजिक पॅकेटचा उपयोग नाही, कार्डाच्या दृष्टीने तो जागाच असतो. त्यासाठी ताईंनी यूपीएसच्या पुढे एक वाय-फाय प्लग लावलाय. तो धुळ्याहून बंद करून मिनिटभराने चालू केला की `Power On` च्या सेटिंगमुळे कॉम्प्युटर नव्याने सुरू होतो.